दोरी आखूड होताना चेंडूचं नक्की काय वाढतं? (प्रकल्प नोंदी)

२ नोव्हेंबर, रविवार

भाची अकरावी सायन्सला आहे. कॉलेजात प्रकल्प द्यायचाय, विषय तिनेच आणला: उभ्या खांबाला दोरीने चेंडू बांधायचा, आडवा भिरकावायचा, दोरी खांबाला गुंडाळत जाते आणि चेंडू जास्त जास्त जोरात फिरतो. का? अमेरिकेत शाळांच्या मैदानांवर हाच खेळ ‘टेदरबॉल’ म्हणून खेळतात.

उत्तरही तिच्याकडे तयार होतं. ‘‘मामा, सोप्पंय. कोनीय संवेग अक्षय्य राहतो. दोरी अर्धी झाली की वेग दुप्पट. स्केटिंग करणारी बाई हात जवळ घेते ना, तसंच.’’

मी म्हटलं, आधी मोजू. हे उत्तर फार ठिकाणी छापलेलं आहे आणि खांबाच्या बाबतीत ते लागू पडत नाही. पण मी सांगून तिला पटण्यापेक्षा चेंडूने सांगितलेलं बरं.

खांब आयता मिळाला. परसात कपडे वाळत घालायच्या तारेसाठी दीड इंची जीआय पाईप काँक्रीटमध्ये पुरलेला आहे. तार सोडून ठेवली. त्याच्यावर ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप बाहीसारखा चढवला. आत जराशी फट राहते, तिथे वरून-खालून लाकडी पाचरी ठोकल्या. ओळंबा लावून पाहिलं, खांब बऱ्यापैकी सरळ उभा आहे. पीव्हीसी मुद्दाम चढवलं, कारण खांब जितका जाड तितकी दोरी प्रत्येक फेरीला जास्त गुंडाळली जाते आणि मोजायला सोपं जातं. या पाईपचा परीघ १९.८ सेंटिमीटर, म्हणजे दर फेरीला दोरी साधारण तेवढी आखूड होणार. सुरुवातीची लांबी, हुकापासून चेंडूच्या मध्यापर्यंत, १.२ मीटर.

३ नोव्हेंबर

रात्री जेवणानंतर वहीत दोन्ही भाकितं शेजारी शेजारी मांडली. चेंडू सेकंदाला ६ मीटरने सोडला असं धरलं. हवा आणि गुरुत्व सध्या बाजूला.

भाचीचं भाकीत: वेग गुणिले दोरीची लांबी कायम. मग पहिली फेरी १.०६ सेकंदाची येते, दुसरी ०.७१, तिसरी ०.४४, चौथी ०.२३.

माझं भाकीत: वेग कायमच, सेकंदाला ६ मीटर. लहान वर्तुळ पुरं करायला कमी वेळ लागतो, एवढंच. मग वेळा येतात १.१५, ०.९५, ०.७४, ०.५३. हे आकडे बघताना एक छान गोष्ट दिसते. दर फेरीचा वेळ आधीच्यापेक्षा ०.२१ सेकंदाने कमी होतो, आणि प्रत्येक वेळी तेवढ्यानेच. कारण उघड आहे: दर फेरीला त्रिज्या सारखीच घटते, म्हणून अंतर सारखंच घटतं, आणि वेग बदलत नसेल तर वेळही सारखाच घटणार. तिच्या भाकितात मात्र हे फरक ०.३५, ०.२७, ०.२१ असे उतरत जातात. म्हणजे वेग थेट मोजायचीसुद्धा गरज नाही. फेऱ्यांचे वेळ मोजले की निकाल लागतो.

मग तिला एकच प्रश्न विचारला. चेंडू खांबाला टेकतो तेव्हा दोरी जवळपास ६ सेंटिमीटर उरलेली असते. तुझ्या हिशोबाने तेव्हा वेग किती? तिने १२० सेंटिमीटरला ६ ने भागलं, २० पट. सेकंदाला १२० मीटर. ताशी ४३२ किलोमीटर. कॅल्क्युलेटरकडे बघत राहिली. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती ४०० पट व्हायला हवी. ‘‘ही ऊर्जा देतंय कोण? खांब तर जागचा हलत नाही.’’ यावर ती म्हणाली, ‘‘दोरी देत असेल.’’ तो धागा तिथेच सोडला, कारण सगळी गोम त्याच वाक्यात आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

पहिली चाचणी टेनिस बॉलवर. मोबाईल स्टुलावर ठेवून सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण केलं. चेंडू खांबाच्या बरोबर समोरून जातो ती फ्रेम धरायची आणि पुढच्या वेळी तिथेच येईपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, आपल्याला पुरे.

आकडे दोन्ही भाकितांपेक्षा मोठे आले. शेवटाकडे चेंडू चक्क मरगळलेला दिसतो. टेनिस बॉल हलका, ५८ ग्रॅमच्या आसपास, वर त्याची लव हवा धरते. पूर्ण गुंडाळला जाईपर्यंत चेंडू २२ मीटरच्या वर अंतर कापतो आणि माझ्या ढोबळ हिशोबाने तेवढ्यात टेनिस बॉलचा एक तृतीयांश वेग हवेतच जातो. असल्या चेंडूने प्रयोग केला तर काहीही सिद्ध करता येईल. शिवाय सुतळी वापरली होती, तीही हवा कापते.

बदल ठरवले: सिझन बॉल, १६० ग्रॅमचा. सुतळीऐवजी मासेमारीचा तंगूस. चेंडूला आरपार भोक पाडून तंगूस ओवला, खालून वॉशर लावून गाठ मारली. भोक पाडताना चेंडू पायाखाली धरू नये, शिकंज्यात धरावा.

आणि एक नियम: चेंडू डोक्याच्या उंचीवरून फिरतो. सोडला की लगेच वाकून वर्तुळाबाहेर यायचं. शेजारच्या पोरांना कंपाउंडच्या पलीकडेच उभं केलं.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळी वारा पडलेला असतानाच केलं.

चेंडू सोडण्यात कसब आहे. दोरी ताठ धरून चेंडू जेवढ्या उंचीवर फिरणार तेवढ्याच उंचीवरून, अगदी आडवा सोडावा लागतो. नाहीतर फिरता फिरता तो वर-खाली डुलतो. असा डुलणारा प्रयोग सरळ सोडून द्यायचा. ओळखायची खूण खांबावरच मिळते: गुंडाळलेल्या दोरीच्या वेढ्यांमधली अंतरं अनियमित दिसतात.

जो स्वच्छ प्रयोग मिळाला त्यातल्या पहिल्या चार फेऱ्या: १.१७, १.०१, ०.८३, ०.६२ सेकंद. फरक ०.१६, ०.१८, ०.२१.

फरक अगदी सारखे नाहीत, पण कमी होत जात नाहीत, उलट थोडे वाढतात. हवेने वेग हळूहळू खाल्ला तर असंच दिसायला हवं. चौथ्या फेरीत चेंडूने सुमारे ३.२ मीटर अंतर कापलं, त्याला ०.६२ ने भागलं की सेकंदाला पाच मीटरच्या किंचित वर येतं. भाचीच्या भाकितानुसार तिथे सरासरी वेग १४ च्या घरात हवा होता. मोजमापातल्या चुकीने ५ चे १४ होत नाहीत.

पण बघताना चेंडू वेगात येतोय असंच वाटतं, हेही खरं. शेवटच्या फेऱ्या तर गरगर होतात. डोळा मीटर मोजत नाही, फेऱ्या मोजतो. फेऱ्या खरोखरच भराभर होतात, म्हणजे कोनीय वेग वाढतोच. दोरी निम्मी झाली की सेकंदाला होणाऱ्या फेऱ्या दुप्पट. चेंडूची स्वतःची चाल मात्र आहे तिथेच, किंबहुना थोडी कमी.

१० नोव्हेंबर

आज ‘दोरी देत असेल’ या वाक्याकडे वळलो. भाचीला टेबलावर एक डबी ठेवून तिच्याभोवती दोरा गुंडाळायला लावला. दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल. दोरा ताठ ठेवून गुंडाळत गेलं की कागदावर आत आत येणारी एक वळणदार रेघ उमटते. हाच वक्र इनव्होल्यूट. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६७३ मध्ये लंबकाच्या घड्याळांवरच्या पुस्तकात अशा वक्रांचा अभ्यास मांडला, आणि आज गिअरच्या दात्यांना हाच आकार देतात.

आता त्या रेघेवर कुठेही गुण्या ठेवायचा. एक कड सुटलेल्या दोऱ्याच्या बाजूने, तर दुसरी कड बरोबर रेघेच्या दिशेने बसते. सुरुवातीला, मध्ये, शेवटी, कुठेही बघा, काटकोनच. तिने सहा-सात ठिकाणी लावून पाहिला.

याचं कारण असं. सुटलेला दोरा ज्या बिंदूत डबीला टेकतो, तो बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, कारण तिथला दोरा डबीला चिकटलेला आहे. म्हणून पेन्सिल त्या क्षणी त्या बिंदूभोवतीच फिरते, आणि वर्तुळात फिरणाऱ्याची दिशा त्रिज्येला काटकोनातच असते. पुढच्या क्षणी टेकायचा बिंदू किंचित सरकतो, त्रिज्या किंचित लहान होते, पण काटकोन तसाच राहतो.

दोरी फक्त स्वतःच्या दिशेने ओढू शकते. चेंडू त्या दिशेने तसूभरही जात नसेल तर दोरीच्या ताणाने केलेलं कार्य शून्य. कार्य शून्य, तर गतिज ऊर्जा तेवढीच, चाल तेवढीच. दोरी चेंडूला वळवते, पळवत नाही.

मग कोनीय संवेगाचं काय? चाल तीच आणि लांबी कमी, म्हणजे तो दर फेरीला घटतोय. भाचीला हे सगळ्यात खटकलं, ‘‘नियमच मोडला की.’’ नियम मोडलेला नाही. तो लागू व्हायची अट अशी आहे की बल अक्षाकडे रोखलेलं हवं. इथे दोरी खांबाच्या मध्याकडे ओढतच नाही. ती खांबाच्या पृष्ठभागाला स्पर्श करून जाते, मध्यापासून ३.१५ सेंटिमीटर बाजूने. दोरीचा ताण गुणिले हे अंतर म्हणजे टॉर्क, पिळण्याचा जोर, आणि तो चेंडूच्या फिरण्याच्या उलट दिशेचा. खांब बोटाएवढा बारीक असता तरी हेच. टॉर्क कमी झाला असता, पण फेऱ्या जास्त लागल्या असत्या आणि दोरी संपेपर्यंत हिशोब तोच बसला असता. खांब बारीक म्हणून त्याची जाडी सोडून द्यायची, इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चेंडूचा कोनीय संवेग कमी होतोय तर तो कुठेतरी जायला हवा. खांबात, खांबातून काँक्रीटमध्ये, तिथून पृथ्वीत. पृथ्वी फिरलेली दिसणार नाही. पण खांब जर मोकळा सोडला तर?

पाचरी काढल्या. पीव्हीसीची बाही आता जीआय पाईपवर सैल फिरते. आत थोडं ग्रीस, खालून टेकू म्हणून एक क्लॅम्प. बाहीवर तैलरंगाने एक उभी पांढरी रेघ मारली.

चेंडू सोडला आणि बाही चेंडूबरोबरच फिरायला लागली. पांढरी रेघ दर फेरीला समोर येते, दोरी गुंडाळायचं नावच नाही. अर्धाएक वेढा पडला असेल सुरुवातीला, बाहीने वेग घेईपर्यंत, तेवढाच. नंतर चेंडू नुसता एकाच लांबीने गोल फिरत राहिला आणि हळूहळू हवेने आणि ग्रीसच्या घर्षणाने खाली आला.

प्रकल्पातलं सगळ्यात बोलकं दृश्य हेच. गुंडाळायला खांबाने प्रतिकार करावा लागतो. तो पीळ खांब धरून ठेवतो म्हणून दोरी गुंडाळली जाते आणि म्हणूनच चेंडूचा कोनीय संवेग घटतो. भाचीने बाही हाताने धरून पाहिली. (हातमोजा घालून, आणि हात वर्तुळाच्या बराच खाली.) म्हणाली, ‘‘सुरुवातीला काही जाणवत नाही, शेवटी मनगट पिळतं.’’ बरोबर आहे. पूर्ण लांबीला दोरीचा ताण अर्ध्या किलोच्या वजनाएवढा असतो, तर चेंडू टेकायच्या बेतात तो सात किलोच्या आसपास जातो. चाल फारशी घटत नाही आणि वळण घट्ट होतं, म्हणून ताण वाढतो.

हे कळल्यावर एक जुनी शंका मिटली. आधीच्या काही चित्रणांत शेवटचा वेढा पडता पडता फेरी अचानक लांबायची. पाचर शेवटच्या झटक्याला घसरून बाही थोडी फिरत होती. आता बाहीतून आणि खांबातून आरपार बोल्टच टाकला. पांढरी रेघ ठेवली आहे, ती हलली की ते चित्रण बाद.

१६ नोव्हेंबर

स्केटर खोटा ठरलेला नाही, फक्त त्याचा प्रयोग वेगळा आहे. तोही करून दाखवला. फूटभर लांबीच्या गुळगुळीत नळीतून दोरा ओवला, वर छोटा रबरी चेंडू, खाली दोऱ्याचं टोक हातात. नळी डोक्यावर धरून चेंडू फिरवायचा आणि मग दोरा खाली ओढायचा.

इथे दोरा निम्मा झाला की फेऱ्या जवळपास चौपट होतात. दुप्पट नव्हे. कारण इथे चाल खरंच दुप्पट होते, आणि वर्तुळ निम्मं होतं. दोरा नेहमी नळीच्या तोंडाकडे, म्हणजे अक्षाकडेच ओढतो, त्यामुळे टॉर्क नाही आणि कोनीय संवेग टिकतो. ऊर्जेचा प्रश्नही सुटतो: ओढणाऱ्या हाताला ती द्यावी लागते. निम्म्या लांबीला ताण आठपट होतो, दोरा बोटात रुततो. चेंडूची वाट बघितली तर तो आत घुसत येतो, दोऱ्याशी त्याचा कोन काटकोनापेक्षा कमी असतो, म्हणजे थोडा का होईना तो ओढीच्या दिशेने जातो. तेवढ्यातच सगळं कार्य होतं.

एकाच्या बाबतीत दुप्पट, दुसऱ्याच्या बाबतीत चौपट. तोंडी परीक्षेत हेच विचारतील, आणि ते घड्याळावरही तपासता येतं. नळीच्या काठावरच्या घर्षणामुळे आम्हाला पूर्ण चौपट मिळालं नाही, पण दुप्पटीच्या बरंच पुढे गेलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

राहिलं गुरुत्व. आत्तापर्यंत चेंडू जोरात सोडत होतो म्हणून ते फार आडवं आलं नाही. सेकंदाला ६ मीटरने सोडलेला चेंडू दोरीला उभ्या रेषेपासून सुमारे ७३ अंशांवर नेतो, जवळपास आडवाच. गुंडाळत जाताना हा कोन वाढत वाढत ९० अंशांकडे जातो. म्हणजे चेंडू फिरता फिरता थोडा वर चढतो, या वेगाला साधारण १६ सेंटिमीटर. चढायला लागणारी ऊर्जा स्वतःच्या गतीतूनच घेतो, म्हणून चाल कमी होते. बारीक खांबासाठी गणित केलं तर नियम फार नेटका निघतो: चाल गुणिले दोरीच्या उभ्या रेषेशी असलेल्या कोनाची साइन, हा गुणाकार कायम राहतो. ७३ अंशांपासून ९० पर्यंत जाताना म्हणजे चार-पाच टक्केच घट. ९ तारखेच्या आकड्यांत हवेने खाल्लेल्या वेगापुढे ती झाकली गेली.

या चढण्याची नोंद खांबावर आपोआप होते. चेंडू थांबल्यावर दोरी तशीच ठेवून वेढ्यांमधली अंतरं पट्टीने मोजली. वरच्या दोन वेढ्यांत साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, खाली खाली ती कमी होत शेवटी वेढे एकमेकांना जवळपास चिकटलेले. दोरी जितकी आडवी तितके वेढे दाट. गणिताने पहिल्या पाच वेढ्यांसाठी ५.७, ४.८, ३.९, २.९, १.८ अशी अंतरं येतात. शेवटच्या वेढ्याला हे सूत्र लावू नये. तिथे एका फेरीत बहुतेक सगळी दोरी संपते आणि ‘लांबी हळूहळू बदलते’ हे गृहीतच उरत नाही.

मग मुद्दाम सावकाश सोडला, दोरी ४५ अंशांवर राहील असा. त्यासाठी सेकंदाला २.९ मीटर पुरतात. इथे गुरुत्वाची घट झाकली जात नाही: दोरी निम्मी होईपर्यंत कोन ५३-५४ अंशांवर येतो आणि चाल १२ टक्क्यांनी उतरते, हवा धरलीच नाही तरी. पण फेरीचा वेळ? सुरुवातीला १.८४ सेकंद, निम्म्या दोरीला १.१९. चेंडू मंद झालाय आणि फेऱ्या वाढल्यात, दोन्ही एकाच वेळी.

भाचीने प्रकल्पाचं शीर्षक बदललं. आधी ‘दोरी आखूड होताना चेंडूचा वेग का वाढतो’ होतं. आता ‘वेग’च्या जागी ‘कोनीय वेग’ लिहिलंय, आणि खाली दोन तक्ते: खांबाचा आणि नळीचा. उरलंय ते टेनिस बॉलचं चित्रण परत मोजायचं. हवेच्या विरोधाचा तक्ता तिला वेगळा जोडायचा आहे. तार उद्या परत बांधायचीय, कपडे तीन आठवडे गच्चीवर चाललेत.